उणे ७६ चे आठ बिट: उत्तर पडताळायचे कसे?

संगणकात उणे पूर्णांक बहुधा ‘दोनचा पूरक’ या पद्धतीने साठवतात. आठ बिटांत उणे ७६ लिहायचे, तर आधी ७६ द्विमान पद्धतीत मांडतात. ७६ म्हणजे ६४, ८ आणि ४ यांची बेरीज, म्हणून ०१००११००. मग प्रत्येक बिट उलटवला की १०११००११ मिळते आणि त्यात १ मिळवल्यावर १०११०१०० हे उत्तर येते.

हे उत्तर बरोबर आहे का, हे पाहण्याची सर्वांत भरवशाची रीत स्थानिक किमतींची आहे. उजवीकडून पहिल्या सात बिटांच्या किमती नेहमीच्याच असतात: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. आठव्या, म्हणजे अगदी डावीकडच्या बिटाची किंमत मात्र उणे १२८ धरायची. १०११०१०० मध्ये १ हा अंक उणे १२८, ३२, १६ आणि ४ या जागांवर आहे. ३२, १६ आणि ४ मिळून ५२ होतात. उणे १२८ मध्ये ५२ मिळवले की उणे ७६ उरतात. उत्तर बरोबर.

या रीतीने चूक नुसती सापडत नाही, ती कुठे झाली तेही कळते. शेवटी १ मिळवायचा राहिला, तर १०११००११ ची किंमत उणे ७७ भरते, म्हणजे नेमका एकाचा फरक. बिट न उलटवता केवळ डावीकडचा शून्य बदलून १ केला, तर ११००११०० मिळते आणि त्याची किंमत उणे ५२ येते. ७६ चे सातच बिट लिहून ते उलटवले, तर १ मिळवल्यावर ०११०१०० येते. आठवा बिट शून्य धरला की ते चक्क अधिक ५२ होतात. म्हणूनच डावीकडचा शून्य उलटवण्याआधी लिहायलाच हवा.

दुसरी रीत बेरजेची. मूळ संख्या आणि उत्तर यांची द्विमान बेरीज केली की आठही जागी शून्य यावे आणि नववा हातचा सोडून द्यावा. ०१००११०० आणि १०११०१०० यांची बेरीज तशीच येते. ही रीत झटपट आहे, पण एकटीवर विसंबू नये. ७६ चे द्विमान रूपच चुकले असेल, तरी त्या चुकीच्या रूपाशी बेरीज जुळतेच.

मर्यादेबाहेरच्या संख्येलाही ती फसते. आठ बिटांत उणे १२८ ते अधिक १२७ एवढ्याच संख्या बसतात. तरीही उणे २०० साठी कोणी २०० चे ११००१००० हे रूप उलटवून त्यात १ मिळवला, तर ००१११००० येते आणि बेरीज बिनचूक शून्य दिसते. स्थानिक किमती मोजल्यावर मात्र हे उत्तर अधिक ५६ असल्याचे उघड होते. उणे २०० ला आठ बिट पुरतच नाहीत; सोळा बिटांत ती संख्या ११११११११ ००१११००० अशी लिहितात.