पस्तीस पंखे जास्त कसे?

समजा, पंख्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे ३१ तारखेला रात्री गोदामाची मोजणी झाली. पंखे भरले ८५. संगणकावरच्या हिशेबात मात्र ५०. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक ८०, बिलांप्रमाणे खरेदी २००, विक्री २३०. वजाबाकी चोख होती. मग वरचे ३५ आले कुठून?

अशा वेळी मुरलेला हिशेबनीस एकूण आकड्यांशी झटापट करत बसत नाही. मोजणीआधी मालाची ये-जा थांबवून त्याने शेवटच्या आवक नोंदीचा आणि शेवटच्या जावक चलनाचा क्रमांक लिहून ठेवलेला असतो. त्या क्रमांकापर्यंतचा प्रत्येक कागद तो बिलाशी जुळवतो. इथे आवक वहीत २४० पंखे निघाले. संध्याकाळी आलेल्या ४० पंख्यांसोबत फक्त चलन होते, बिल नव्हते. म्हणजे शिल्लक ९० हवी होती. आता उलट ५ कमी! ते ऑर्डर वहीने पकडले. तिथे २३५ पंखे पोचवल्याची नोंद होती, बिले २३० चीच. पाच पंखे ग्राहकाकडे गेले आणि बिल करायचे राहून गेले.

म्हणूनच यादीत तीन जोड्या असतात: पुरवलेल्या ऑर्डरी आणि जावक चलने, चलने आणि बिले, बिले आणि खतावणी. नुसती गोदामाची मोजणी हिशेबाशी जुळली म्हणून हायसे वाटून घेण्यात अर्थ नाही. बिलाविना गेलेले पंखेही ४० असते, तर मोजणी बरोबर ५० भरली असती आणि दोन्ही चुका एकमेकींच्या आड लपल्या असत्या. तेरीज जुळण्याचेही तसेच. जी नोंद झालीच नाही, ती जमेलाही नसते आणि नावेलाही नसते. तेरीज बिनबोभाट जुळते.

या ४० पंख्यांची खरेदी किंमत प्रत्येकी १,५०० रुपये धरली, तर साठ हजारांचा माल शिलकेत आला, पण खरेदीत आला नाही. तेवढाच नफा फुगतो आणि पुढच्या महिन्यात बिल चढले की तेवढाच खाली येतो. मालक मात्र मधल्या काळात त्या नफ्यावर खूश! उपाय सोपा आहे. महिनाअखेरीस साठ हजार खरेदीला नावे आणि ‘बिल येणे बाकी’ या खात्याला जमा करायचे. एक तारखेला ही नोंद उलटवून खरे बिल चढवायचे. बिल हाती नसल्याने त्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट मात्र तोवर धरायचे नाही.

राहिलेल्या पाच पंख्यांचे बिल त्याच रात्री करावे. खरे तर कायद्याप्रमाणे ते माल निघतानाच व्हायला हवे होते. शिवाय दरमहा विवरण भरणाऱ्यांना विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावा लागतो.

तिन्ही जोड्या जुळल्या की मागच्या तारखेच्या नोंदींना कुलूप घालावे, आणि ते उघडण्याचा अधिकार बिले करणाऱ्याच्या हाती ठेवू नये.