मेथोट्रेक्झेटसोबत फॉलिक ॲसिड कशासाठी?

आमवाताचा एखादा रुग्ण दर सोमवारी १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्झेट आणि दर गुरुवारी ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेत असतो. एक औषध फोलेटचा मार्ग अडविते, तर दुसरे फोलेटच पुरविते. हा विरोध नव्हे काय?

डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर फोलेटला कार्यक्षम रूप देते. त्या रूपावाचून डीएनएमधील थायमिडीन हा घटक तयार होत नाही. मेथोट्रेक्झेट हे विकर जखडून ठेवते. त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या मुख, आतडे व मज्जा येथील पेशींना प्रथम झळ पोहोचते. साप्ताहिक अल्प मात्रेत मात्र हा अडथळा अपुरा राहतो. म्हणून फॉलिक ॲसिड मिळताच पेशी तूट भरून काढतात. मळमळ, मुखपाक व यकृतविकार कमी होतात. शोथशमन मुख्यत्वे ॲडिनोसिनद्वारे होते असे मानले जाते, त्यामुळे मूळ गुण फारसा घटत नाही.

हीच गोळी चुकून रोज घेतली गेल्यास विकर जवळजवळ पूर्ण बंद पडते व फॉलिक ॲसिड निष्फळ ठरते. तेथे त्या विकराची अपेक्षा न ठेवणारे फोलिनिक ॲसिडच द्यावे लागते. मुखपाकासह ज्वर दिसल्यास पुढील मात्रा थांबवून रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनी पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच, सोमवारी’ असे वार घालून लिहावे.