संधिवातातून वेगळा निघालेला आजार

स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथपेफर या औषधी झऱ्यांच्या गावी डॉ. विल्यम ब्रूस यांनी १८८८ साली साठी ओलांडलेल्या पाच रुग्णांची हकिगत लिहिली. त्यांचं अंग विलक्षण दुखे, ताठे. पण पुढे ते बरे झाले आणि सांधे वाकडे झाले नाहीत. ब्रूस यांनी हा म्हातारपणचा संधिवाती गाऊट मानला. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं हे दुखणं संधिवाताच्याच खात्यात पडून राहिलं. १९५७ मध्ये बार्बर यांनी त्याला ‘पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका’ म्हटलं. पुढे सोनोग्राफीने दाखवलं की सूज मुख्यतः खांद्या-खुब्यांभोवतीच्या पाणथैल्यांत आणि स्नायुबंधांच्या वेष्टनांत असते.

आपल्याकडे ती गल्लत अजून होते. कामरगावातली चौसष्ट वर्षांची शेतकरीण डोळ्यांपुढे आणा. पंधरा दिवसांत दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे धरले. पहाटे कूस वळवत नाही, वेणी घालायला हात वर जात नाहीत. दहा वाजले की अंग मोकळं होतं, मग ती कापूस वेचायलाही जाते. घरचे म्हणतात, वात आहे, वयच झालं.

पण झिजेचं दुखणं वर्षानुवर्षं वाढतं, कामाने चाळवतं आणि सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात सुटतो. हिचा पाऊण तासाहून जास्त टिकतो. आमवातात बहुधा बोटांचे, मनगटांचे छोटे सांधे सुजतात; हिचे हात स्वच्छ आहेत. रक्तात ईएसआर आणि सीआरपी वाढलेले, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी निगेटिव्ह. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यांचा संशयही आधी फेडावा लागतो.

मग डॉक्टर रोज साधारण १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतात, आणि बहुतेकांना आठवड्याच्या आत लक्षणीय आराम पडतो. खरी अडचण इथून सुरू होते. बरं वाटलं की गोळी बंद केली जाते आणि दुखणं उसळतं. महिना-दोन महिन्यांत १० मिलिग्रॅमवर यायचं, पुढे दर चार आठवड्यांनी एकेक मिलिग्रॅम कमी करायचा, म्हणजे वर्ष सहज लागतं. तेवढ्या काळात साखर, रक्तदाब, हाडं सांभाळावी लागतात. आराम पडला म्हणजे निदान पक्कं झालं, असंही नाही. स्टेरॉइडने आमवातही दबतो. डोस उतरताना मनगटं सुजली, तर उतारवयात सुरू झालेल्या आमवाताचा विचार नव्याने करावा लागतो.

या रुग्णांपैकी काहींच्या कानशिलाजवळच्या रोहिणीलाही सूज येते. नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा भरून येणं, क्षणभर नजर जाणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.