आधणाची बोली

आमच्या घरी चूल होती तेव्हा चुलीच्या अंगाला वैल असायचा, म्हणजे ते बाजूचं दुसरं तोंड, जिथं जाळ नसतो, नुसती झळ पोचते. आजी भाताचं आधण चुलीवर ठेवायची, मटणाची हंडी वैलावर सरकवायची, आणि अंड्याचं कालवण करायचं असलं की लाकडं मागं ओढून नुसत्या निखाऱ्यांवर पातेलं ठेवायची. परवा धाकटा नातू शिकायला शहरात खोली घेऊन राहायला निघाला. तो म्हणाला, "आजोबा, पुस्तकात कुठं उकळा म्हणतात, कुठं मंद शिजवा, कुठं पोच करा, पाणी तर एकच, मग फरक कसला?" तेव्हा मला ती तीन ठिकाणं आठवली. म्हटलं, ये, बस इथं, पंखा बंद कर आणि पातेल्याला कान दे.

पाणी तापू लागलं की आधी बुडाला मोहरीएवढे फुगे चिकटलेले दिसतात. नवखा माणूस म्हणतो, उकळी आली. पण ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा असते. पाणी गरम झालं की त्याला ती धरून ठेवता येत नाही, म्हणून ती बाहेर येते. थोड्या वेळानं पातेलं सूं सूं गाऊ लागतं, आणि ही मला फार नवलाची गोष्ट वाटते, कारण ते गाणं मरणाऱ्या फुग्यांचं असतं. बुडाशी पाणी इतकं तापलेलं असतं की तिथं वाफेचे फुगे जन्मतात, पण वर उठले की गारशा पाण्यात शिरून मिटतात, आणि असे शेकडो फुगे मिटतानाचा तो आवाज. मग एकाएकी गाणं थांबतं आणि खळखळ सुरू होते. सगळं पाणीच तापलं, आता फुगा मिटायला गार जागा उरली नाही, म्हणून तो थेट वर येऊन फुटतो. ही खरी उकळी. समुद्रकाठच्या गावात त्या वेळी पाणी १०० अंशांवर असतं.

इथं नातवाला मी गॅस मोठा करायला लावला आणि विचारलं, आता पाणी जास्त गरम झालं का? तो म्हणाला, झालंच की. नाही झालं बाळा. उघड्या पातेल्यातलं पाणी एकदा उकळलं की कितीही जाळ घाल, ते तिथंच राहतं. वरचा सगळा जाळ पाण्याची वाफ करण्यात जातो, आणि वाफ करणं हे काम एवढं मोठं की बर्फासारखं गार पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त तेच पाणी आटवायला लागते. म्हणजे मोठ्या जाळानं शिजणं वाढत नाही, वाढते ती धक्काबुक्की.

आणि सगळी गोम त्या धक्काबुक्कीत आहे. भाताला ती हवी असते. भरपूर पाण्यात, पेज काढून भात करायचा तर दाणे सारखे वरखाली नाचले पाहिजेत, नाहीतर बुडाशी बसून एकमेकांना चिकटतात. पण मटणाला ती नको. वैलावरची हंडी बघितलीत तर तिच्यात कडेला एखाददुसरा बुडबुडा येतो, फुटतो, मग क्षणभर शांत, मग दुसरा. पाणी तिथं ९०-९५ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे उकळीपेक्षा थोडंसंच कमी. मटणातल्या शिरा-सांध्यांचा चिवटपणा विरघळून रश्श्याला चिकटसर अंग येतं, ते तासा-दोन तासांच्या सबुरीनं, जाळानं नव्हे. खळखळ उकळलात तर वर आलेला फेस आणि चरबी घुसळून रश्श्यातच मिसळते, अळणी पाणी गढूळ होतं आणि तुकडे बाहेरून विसविशीत, आतून कोरडे लागतात. नातू म्हणाला, मग गॅस सिमवर ठेवला की झालं! झालं, पण एवढंच लक्षात ठेव की दाट रस्सा फसवतो. तो वरून सावकाश एकेक बुडबुडा सोडत असतो आणि खाली बुडाला लागत असतो, म्हणून त्याला मधूनमधून पळीनं तळापासून ढवळावं.

आता निखाऱ्यांवरचं पातेलं. पोच करणं म्हणजे काही साहेबाचं गुपित नव्हे. अंडी फोडून थेट कालवणात सोडायची आपल्याकडची जी पद्धत, ती तीच. अंड्याचा पांढरा ६० अंशांच्या थोडं पुढं गेला की दुधाळ व्हायला लागतो आणि ८० च्या आसपास नीट घट्ट होतो. म्हणजे १०० अंशांची त्याला गरजच नाही, आणि बुडबुड्यांचे धक्के तर त्याचा घात करतात. मी तरुणपणी पहिल्यांदा हे कालवण केलं तेव्हा खदखदत्या रश्श्यात अंडं सोडलं. पांढऱ्याच्या चिंध्या झाल्या, वर फेस आला आणि वाटीत उरला तो नुसता टणक बलक. आजीनं काही न बोलता पातेलं उतरवलं, रस्सा निवू दिला आणि दुसरं अंडं घेतलं.

तिनं केलं ते असं. रस्सा चार बोटं खोल, एकदा चांगला उकळून घेतलेला, म्हणजे मसाला कच्चा राहात नाही. मग आच इतकी कमी की वर एकही बुडबुडा फुटू नये, नुसती वाफ निघावी आणि बुडाशी बारीक फुगे थरथरावेत. अंडं आधी वाटीत फोडायचं, वाटी रश्श्याला टेकवून हलकेच तिरकी करायची, आणि दुसऱ्या अंड्याला पहिल्यापासून लांब जागा द्यायची. मग झाकण, आणि पळी लावायची नाही. चारेक मिनिटांनी पांढरा धरतो आणि बलक वाहता राहतो. सहा-सात मिनिटांनी तोही आळतो, आणि लहान मुलांसाठी किंवा गरोदर बाईसाठी तो पुरता घट्टच करावा. पळीच्या पाठीनं हळूच दाबलं की बोटाला कळतं. अंडं मात्र ताजं हवं. शिळ्या अंड्याचा पांढरा पातळ होतो आणि कितीही जपलं तरी पसरतो. पाण्यात टाकल्यावर जे आडवं बुडून राहतं ते ताजं, जे उभं राहतं ते उकडायला ठेवावं, आणि जे तरंगतं ते खाऊच नये.

पापलेटाच्या तुकड्यांनाही हीच शांतता लागते, आणि नारळाचं दूध घातलेल्या कालवणालाही, कारण खदखदलं की ते फुटतं.

नातवानं निघताना विचारलं, महाबळेश्वरला गेलो तर? तिथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पण निखाऱ्यांवरच्या त्या अंड्याला लागतात ८० अंश, ते डोंगरावरही तेवढेच मिळतात आणि अंडं घरच्याइतकंच छान होतं.