नव्वद दिवसांची नोटीस, पंचेचाळीस दिवसांची घाई

पुण्यात हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यात काम करणाऱ्यांना हा पेच पाठ आहे. नवी नोकरी मिळते, पगार ठरतो आणि मग एचआरचा फोन येतो, ‘जॉइन कधी होताय?’ आपल्या नियुक्तिपत्रात ९० दिवसांची नोटीस लिहिलेली असते, तर समोरच्याला माणूस ४५ दिवसांत हवा असतो. हातची संधी जाईल या भीतीने बहुतेक जण त्या क्षणी ‘बघतो, होईल’ असे म्हणून टाकतात आणि पुढचे दोन महिने दोन्हीकडच्या दबावात काढतात. हा पेच सुटण्यासारखा आहे. मात्र त्यासाठी कुठली गोष्ट आधी करायची आणि कुठली नंतर, हे पक्के ठाऊक हवे.

पहिले काम म्हणजे आपले नियुक्तिपत्र काढून नोटिशीचे कलम शब्दन् शब्द वाचणे. आयटी कंपनीतल्या माणसाने ९० दिवस थांबावे, असे कोणताही कायदा सांगत नाही. हा आकडा करारातून आलेला असतो, त्यामुळे सुटकेची वाटही करारातच शोधावी लागते. ही कलमे साधारण तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात ‘९० दिवसांची नोटीस किंवा तितक्या दिवसांचा पगार’ असे लिहिलेले असते, म्हणजे पैसे भरून लवकर जाण्याचा पर्याय कर्मचाऱ्याकडे असतो. दुसऱ्या प्रकारात पैसे भरता येतात, पण ‘कंपनीच्या संमतीने’. आज हाच प्रकार जास्त दिसतो. तिसऱ्या प्रकारात पूर्ण नोटीस भरण्याखेरीज पर्यायच दिलेला नसतो. तिथेही कंपनी राजीखुशीने लवकर सोडू शकते, पण तो आपला हक्क ठरत नाही. बढतीनंतर मिळालेली पत्रेही याच वेळी तपासावीत. रुजू होताना ६० दिवसांची असलेली नोटीस एखाद्या बढतीच्या पत्रात ९० दिवसांची झालेली असते आणि ते आपल्या ध्यानातही नसते.

हे वाचून झाल्यावरच नव्या कंपनीशी तारखेबद्दल बोलावे. पहिली तारीख सांगताना करारातली पूर्ण तारीख सांगावी. ‘माझी नोटीस ९० दिवसांची आहे. लवकर सुटका मागणार आहे, पण ती लेखी मिळेपर्यंत अलीकडची तारीख देता येणार नाही,’ एवढी दोन वाक्ये पुरतात. नंतर तारीख अलीकडे आणता आली तर नवी कंपनी खूशच होते. उलट आधी ४५ दिवस कबूल करून मागाहून ‘आणखी महिना द्या’ म्हणायची वेळ आली, तर रुजू होण्याआधीच शब्द मोडलेला असतो. ऑफर लेटरवर अशक्य तारीख छापून आली असेल, तर सही करण्यापूर्वी ती बदलून घ्यावी. ‘ती तारीख नुसती फॉर्मॅलिटी आहे’ हे फोनवरचे आश्वासन पुढे कुठेच दाखवता येत नाही. पत्रात ‘या तारखेपर्यंत रुजू न झाल्यास ऑफर रद्द समजावी’ अशी ओळ असेल, तर ही दुरुस्ती झाल्याशिवाय राजीनामा देऊच नये.

मग राजीनामा. तो ईमेलने द्यावा आणि त्यातच कोणत्या तारखेला मोकळे व्हायचे आहे ते लिहावे. निर्णय कागदोपत्री एचआरचा असला, तरी प्रत्यक्षात तो बहुतेक ठिकाणी मॅनेजरच्या होकारावर ठरतो. मॅनेजरची अडचण काय असते? माणूस गेला की क्लायंटचे काम अडते आणि बदली माणूस मिळायला वेळ लागतो. म्हणून ‘मला लवकर सोडा’ एवढीच विनंती घेऊन जाण्यापेक्षा कामे सोपवण्याचा आराखडा बरोबर न्यावा. कोणते काम कोण घेईल, त्याला शिकवायला किती दिवस लागतील, कोणते रिलीज आपण असताना पूर्ण होईल आणि कोणती माहिती आजवर फक्त आपल्याच डोक्यात आहे, हे एका पानावर लिहून द्यावे. मॅनेजरला वरच्यांकडे मंजुरी मागताना दाखवायला काहीतरी हवे असते. हे पान तेच काम करते.

आता पैशांचा हिशेब एका उदाहरणातून पाहू. समजा, एका इंजिनिअरचा मासिक ग्रॉस पगार १,५०,००० रुपये आहे आणि त्यातले बेसिक ७५,००० रुपये. तिने १ जूनला राजीनामा दिला. तो दिवस धरून ९० दिवस २९ ऑगस्टला पूर्ण होतात. नव्या कंपनीला ती १५ जुलैच्या सुमारास हवी होती. बोलणी होऊन जुनी कंपनी ३१ जुलैला सोडायला तयार झाली आणि नवी कंपनी ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत थांबायला. म्हणजे २९ दिवस कमी पडले.

या २९ दिवसांची वसुली ग्रॉसवर होणार की बेसिकवर, यावर सगळे गणित फिरते. महिना ३० दिवसांचा धरला तर ग्रॉसने दिवसाला ५,००० रुपये, म्हणजे एकूण १,४५,००० रुपये. बेसिकने दिवसाला २,५०० रुपये, म्हणजे ७२,५०० रुपये. कंपनी तीच, दिवस तेवढेच, आणि रक्कम दुप्पट! हा आधार करारात किंवा कंपनीच्या धोरणात लिहिलेला असतो. राजीनाम्याआधी तो पाहिला नाही, तर शेवटच्या हिशेबाच्या दिवशी धक्का बसतो.

तिच्या खात्यात १४ दिवसांची अर्जित रजाही शिल्लक आहे. काही कंपन्या ती नोटिशीच्या उरलेल्या दिवसांत वळती करून देतात, काही देत नाहीत. काही ठिकाणी तर नोटिशीच्या काळात रजा घेतली की तितके दिवस नोटीस पुढे ढकलतात. रजा वळती होत असेल, तर आधी एक तुलना करावी. रजेचे पैसे बहुतेकदा बेसिकवर मिळतात, म्हणजे इथे १४ दिवसांचे ३५,००० रुपये. वसुली ग्रॉसवर असेल, तर तेच १४ दिवस वळते केल्याने ७०,००० रुपये वाचतात. अशा वेळी रजा रोखीत घेण्यापेक्षा दिवसांत वळती करणे सरळ फायद्याचे ठरते. मग उरतात १५ दिवस, म्हणजे ७५,००० रुपये.

ही रक्कम नवी कंपनी भरून द्यायला अनेकदा तयार असते. यालाच बायआउट म्हणतात. पण ‘बायआउट देऊ’ हे ऐकून निर्धास्त होऊ नये. जुनी कंपनी ७५,००० रुपये आपल्या हिशेबातून कापते, आणि नवी कंपनी तेवढेच देते तेव्हा ते पैसे आपले पगारी उत्पन्न धरून त्यावर कर कापला जातो. ही इंजिनिअर २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह २०.८ टक्के, म्हणजे १५,६०० रुपये कर जातो आणि हातात ५९,४०० रुपये येतात. शिवाय जुन्या कंपन्या कापलेली रक्कम सहसा करपात्र पगारातून वजा करून दाखवत नाहीत, त्यामुळे हातात न आलेल्या पैशांवरही कर बसलेला असतो. पूर्ण ७५,००० हातात यायचे असतील, तर नव्या कंपनीने साधारण ९४,७०० रुपये द्यायला हवेत. पगार ठरवताना हे मागता येते, रुजू झाल्यावर मागणे जड जाते. बायआउटची रक्कम, ती कधी मिळणार आणि ठराविक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर ती परत करावी लागेल का, हे तिन्ही मुद्दे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावेत.

जुन्या कंपनीने वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला, तर लेखी हरकत घ्यावी. नोटिशीपोटी वसूल केलेल्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

आणि जुनी कंपनी ऐकायलाच तयार नसेल तर? इथे लोक दोन टोकाच्या चुका करतात. काहींना वाटते, न विचारता गेलो तर तुरुंगात जावे लागेल. तसे काही नाही. नोटीस हा दोन पक्षांमधला दिवाणी करार आहे, आणि विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १४ नुसार न्यायालय कोणालाही जबरदस्तीने नोकरीवर ठेवत नाही. कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. पण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे ती वाजवी असावी लागते आणि करारात लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही.

दुसऱ्या टोकाचे लोक याच आधारावर एके दिवशी लॅपटॉप ठेवून निघून जातात. कंपनीच्या नोंदीत मग ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’ हा शेरा बसतो. रिलीव्हिंग लेटर अडते, हिशेब रखडतो आणि पुढच्या प्रत्येक नोकरीच्या पडताळणीत तो शेरा आडवा येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते. पण तोवर वाट पाहावी लागते. ‘नोटीस चालू असतानाच संध्याकाळी आमचे काम सुरू करा’ असे नव्या कंपनीने सुचवले, तरी ते नाकारावे. बहुतेक करारांत दुसरी नोकरी करायला मनाई असते, आणि दोन्ही कंपन्यांची वर्गणी एकाच महिन्यात जमा झाली की यूएएनच्या नोंदीत ते उघड दिसते.

सुटका मंजूर झाली असे तोंडी कळल्यावर लगेच नवी तारीख कळवू नये. शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख ईमेलवर किंवा कंपनीच्या पोर्टलवर दिसू द्यावी. मॅनेजरने ‘हो’ म्हटल्यावरही एचआरच्या पातळीवर प्रकरण अडल्याची उदाहरणे कमी नाहीत. लेखी तारीख आल्यावर तिचीच प्रत नव्या कंपनीला पाठवावी आणि मधे एखादा दिवस मोकळा ठेवून रुजू होण्याची तारीख नक्की करावी. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केल्याची पोच घ्यावी, पगाराच्या पावत्या आधीच उतरवून ठेवाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करण्याची तरतूद आहे. हिशेब लांबला, तर लेखी मागणी करताना तिचा उल्लेख करावा.

एवढे सगळे करूनही जुनी कंपनी हलली नाही आणि नवी थांबली नाही, असे होऊ शकते. अशा वेळी कागद पूर्ण ठेवून ९० दिवस भरावेत आणि ती ऑफर जाऊ द्यावी. जी कंपनी करार मोडून या म्हणते, ती उद्या आपल्याशी केलेला करार किती पाळेल, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो. म्हणून पुढची मुलाखत द्यायला जाण्याआधी आजच आपले नियुक्तिपत्र काढा आणि त्यातले नोटिशीचे कलम वाचून ठेवा.