वी रिमोट
वी रिमोट हे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या २००६ साली आलेल्या 'वी' या गेम कन्सोलचे, हातात धरून हलवण्याचे नियंत्रक होय. त्यातील अ‍ॅक्सेलरोमीटर तीन अक्षांवरील त्वरण मोजतो. टोकाचा कॅमेरा टीव्हीजवळच्या पट्टीतील अवरक्त दिव्यांचे दोन ठिपके पाहून रिमोटचा रोख ठरवतो.

अ‍ॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण आणि हाताच्या झटक्याचे त्वरण वेगळे ओळखता येत नाही. स्थिर रिमोटचा कल त्यावरून कळतो. रिमोट जोराने फिरवला की कल व गती यांची सरमिसळ होते. दिवे नजरेआड गेले की कॅमेराही निरुपयोगी ठरतो. म्हणून अनेक खेळांनी केवळ 'पुरेसा झटका बसला' एवढीच खूण मानली. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये रिमोट कोणत्याही दिशेने हलवला तरी तलवार चालते. वाराची दिशा हातावर अवलंबून नसते. अशा हलवण्याला 'वॅगल' हे नाव पडले. एका बटणाचे काम त्याने अधिक श्रमाने होई, नेमकेपणा मात्र वाढत नसे. त्यामुळे खेळाडू त्याला कंटाळले.

२००९ साली आलेल्या 'मोशनप्लस' या जोडयंत्रातील जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजत असल्याने ही उणीव बरीच भरून निघाली. पुढे 'स्प्लॅटून २'सारख्या खेळांत जायरोस्कोपने नेम धरण्याची पद्धत टिकली. निव्वळ झटका मागे पडला.