मी या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर

नर्सिंगच्या मुलामुलींची नवी तुकडी पहिल्यांदा वॉर्डात येते तेव्हा सकाळचा हॅण्डओव्हर नुकताच आटोपलेला असतो. रात्रपाळीच्या सिस्टर घरी निघालेल्या असतात, डॉक्टरांचा राउंड अजून व्हायचा असतो. इस्त्रीचे कोरे गणवेश, खिशात नवी कात्री, हातात वही आणि चेहऱ्यावर ताण घेऊन मुलं नर्सिंग स्टेशनपाशी उभी राहतात. राउंड सुरू होईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास माझ्या हातात असतो आणि त्यात मी माझी ओळख करून देते. निगडीतल्या एका रुग्णालयात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज म्हणून हे काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या ओळखीत काय सांगायचं, यावर मी जेवढा विचार केला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याही भाषणावर केलेला नाही.

नाव, शिक्षण, कुठे कुठे काम केलं, हे मी दोन वाक्यांत संपवते. सरकारी दवाखान्यांत या पदाला परिसेविका म्हणतात, खासगीत इन्चार्ज; मुलांनी मला नुसतं ‘सिस्टर’ म्हटलं तरी चालतं. त्यानंतर मी माझं काम सांगते. ड्यूटीचा तक्ता मी लावते, औषधांचा इंडेंट मी पाठवते, इमर्जन्सी ट्रॉली रोज मी तपासते, राउंडला डॉक्टरांसोबत मी असते. आणि या वॉर्डातल्या प्रत्येक रुग्णाचं काय चाललंय याचं उत्तर मला द्यावं लागतं. तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर तुम्हाला शिकवतील, तुमच्या वह्या तपासतील, तुमचे गुण देतील. पण रुग्णाच्या बाबतीत काही वेगळं दिसलं तर ते आधी माझ्यापाशी यायला हवं. हा फरक पहिल्याच दिवशी स्पष्ट झाला नाही, तर मूल इन्स्ट्रक्टर मॅडमना शोधत बसतं आणि मॅडम त्या वेळी दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्या गटासोबत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी यादी जाहीर केली. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गवांदे यांच्याकडे होतं. त्या यादीत एक साधी अट आहे: पहिला छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं. गवांदेंनी नंतर लिहिलं की सुरुवातीला ज्यांना स्वतःचं नाव उच्चारायची संधी मिळते, ती माणसं पुढे अडचण दिसली की बोलायला जास्त धजावतात. हे वाचल्यापासून मी माझी ओळख एकतर्फी ठेवत नाही. प्रत्येकाला नाव, वर्ष आणि आज कोणता बेड मिळाला आहे हे सर्वांसमोर बोलायला लावते. काहींचा आवाज घशातच अडकतो. मग मी पुन्हा विचारते, कारण तोच आवाज मला दोन तासांनी ऐकू यायला हवा असतो.

यानंतर काय करायचं आणि काय नाही हे येतं, आणि ते मी थोडक्यात उरकते. बेड करणं, स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, जेवू घालणं, ताप-नाडी-श्वास-बीपी घेणं, सेवन-विसर्जनाचा तक्ता भरणं हे तुमचं. शिरेतून औषध देणं, रक्ताची पिशवी लावणं, तोंडी आदेश घेणं हे एकट्याने कधीच नाही. सुई टोचली तर हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचा, बोट पिळायचं नाही आणि तडक माझ्याकडे यायचं. एचआयव्हीपासून संरक्षणाची औषधं शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. रागावतील म्हणून लपवलेली सुई मला सगळ्यात जास्त भीती घालते.

बाकी सगळा वेळ मी टीपीआरच्या तक्त्यावर घालवते, कारण विद्यार्थ्याचं रुग्णाशी पहिलं नातं त्या कागदावर जुळतं. मी जुन्या तक्त्याचा एक नमुना दाखवते आणि रकाना आडवा न वाचता उभा वाचायला सांगते. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस, वीस, वीस असं दिसलं, तर कोणी श्वास मोजलेलाच नाही हे समजायला घड्याळ लागत नाही. न्यूमोनियाचा आणि हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला रुग्ण, दोघेही मिनिटाला बरोबर वीस श्वास घेत नसतात. श्वास मोजायचा तो पूर्ण मिनिटभर, आणि नाडी धरून ठेवल्याचा बहाणा करत, कारण आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस तो बदलतो. जे मोजलं तेच लिहा, मोजता आलं नाही तर मला सांगा. रिकामा रकाना मी भरून घेईन, पण खोटा रकाना मला फसवेल.

हे इतकं ताणून सांगण्यामागे आमच्या भागाचं एक कारण आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. त्यामुळे पिंप, बादल्या, टाक्या घरोघरी भरून ठेवलेल्या असतात आणि डेंगीचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्या वॉर्डात तापाचे रुग्ण ओळीने असतात. त्यांत तळवडे, भोसरी, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटी काम करणारी पोरं खूप. एका खोलीत चार-पाच जण राहतात. त्यांतला एक जण आजाऱ्याला दाखल करतो आणि पाळी चुकू नये म्हणून कामावर जातो. घरचं माणूस बिहारात नाहीतर मराठवाड्यात. ‘याचा चेहरा सकाळपेक्षा उतरलाय’ हे आई किंवा बायकोने सांगायचं असतं, पण इथे ते सांगणारं कुणी नसतं. बेडपाशी सर्वांत जास्त वेळ उभी असते ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी.

म्हणून ओळखीतच मी एक उदाहरण फळ्यावर मांडते. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण असा रुग्ण आम्हाला दर मोसमात भेटतो. बेड अकरा, साठ किलोचा तरुण, डेंगी, तापाचा पाचवा दिवस. सकाळी आठला ताप १०१, नाडी ९६, बीपी ११२/७४. अकरा वाजता ताप ९८.४, नाडी ११२, बीपी १००/८४. मी विचारते, बरा आहे की बिघडला? बहुतेक जण म्हणतात, ताप उतरला, बीपी शंभर आहे, म्हणजे बरा आहे. रूममेट फोनवर फक्त प्लेटलेट किती झाल्या ते विचारत असतो.

मग मी वरच्या आकड्यातून खालचा वजा करायला सांगते. आठ वाजता अडतीस, अकरा वाजता सोळा. डेंगीत ताप उतरतो त्याच सुमाराला केशवाहिन्या गळू लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवायला बघतं. त्यामुळे वरचा आकडा जेमतेम तग धरतो, खालचा मात्र चढतो. दोघांतलं अंतर वीस किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक समजायचा, मग रुग्ण बसून बोलत असला तरी. वरचा आकडा कोसळायची वाट पाहिली तर खूप उशीर होतो. कारण तो कोसळतो तेव्हा शरीराची आवळून धरण्याची ताकद संपलेली असते.

हे सगळं पहिल्या दिवशी समजावं अशी माझी अपेक्षा नाही. त्यांनी निदान करायचं नाही. त्यांनी मला येऊन पाच वाक्यं म्हणायची आहेत, आणि ती मी तिथेच म्हणवून घेते: “सिस्टर, मी पहिल्या वर्षाची. बेड अकरा, डेंगी, पाचवा दिवस. आठ वाजता बीपी ११२/७४ होतं, आता १००/८४ आहे, नाडी ११२. हात गार लागतायत, सकाळपासून लघवीला गेलेला नाही. तुम्ही बघायला येता का?” शेवटचा प्रश्न मुलं गाळतात. त्यांना वाटतं, सिस्टरला बोलावणं हा उद्धटपणा होईल. तो प्रश्न नसेल तर मी ऐकते, मान डोलावते आणि हातातलं इंजेक्शन पूर्ण करत राहते. प्रश्न आला की मला उठावंच लागतं.

उठल्यावर मी काय करते तेही सांगते, म्हणजे त्यांच्या सांगण्याने पुढे काय घडतं हे त्यांना दिसतं. मशिनवर विसंबून न राहता योग्य मापाचा कफ बांधून मी स्वतः बीपी घेते. सैल किंवा लहान कफ खोटा आकडा देतो. नख दाबून सोडते आणि रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का ते बघते. पोट दुखतंय का, उलट्या होतायत का, हे विचारते. डॉक्टरांना फोन करते, हिमॅटोक्रिटसाठी रक्त पाठवते. दाखल होताना ते ४२ होतं आणि आता ५१ आलं, तर रक्त दाट झालं आहे, म्हणजे गळती खरी आहे. अशा वेळी डॉक्टर साधारणपणे तासाभरात किलोमागे पाच ते दहा मिली सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट सुरू करायला सांगतात. या रुग्णाला ते तीनशे ते सहाशे मिली होतं. तासाने पुन्हा सगळं मोजायचं आणि सुधारणा दिसली की वेग टप्प्याटप्प्याने कमी करायचा. दोन दिवसांत बाहेर झिरपलेलं पाणी रक्तात परत येतं. तेव्हाही सलाइन जोरात चालू राहिलं तर फुप्फुसात पाणी भरतं. दोन्ही वेळा तक्त्यातले आकडेच सांगतात की आपण कुठे आहोत, आणि ते आकडे बहुधा विद्यार्थ्यांनी घेतलेले असतात.

आपण सांगितलं आणि काहीच निघालं नाही तर, असं दर तुकडीत कुणीतरी हळूच विचारतं. तर मी रुग्णाला बघून परत येईन, एवढंच. दहा वेळा उगाच बोलावलं म्हणून मी कुणाचा शेरा खराब लिहिलेला नाही, आणि हे मी इन्स्ट्रक्टर मॅडमना शेजारी उभं करून सांगते, म्हणजे गुणांची भीतीही तिथेच मिटते. पण मला माहीत आहे की शब्दाने विश्वास बसत नाही. पहिली मुलगी येऊन काहीतरी सांगते, तेव्हा बाकीच्या नजरा माझ्या चेहऱ्यावर असतात. त्या क्षणी मी कपाळावर आठी आणली तर अर्ध्या तासाचं बोलणं वाया जातं आणि उरलेली पोस्टिंग मुलं गप्प राहतात. कामाच्या गर्दीत हे सांभाळणं सोपं नाही. एका वेळी पंधरा-वीस मुलं, दोन स्टाफ सिस्टर आणि भरलेला वॉर्ड असला की आवाज चढतो.

ओळखीचा शेवटचा भाग माझ्या गैरहजेरीचा असतो. माझी ड्यूटी सकाळची. दुपारी मी गेल्यावर, रात्री आणि माझ्या साप्ताहिक सुट्टीला मी नसते, आणि डेंगीचा रुग्ण वेळ बघून बिघडत नाही. म्हणून त्या त्या पाळीच्या सिस्टरचं किंवा ब्रदरचं नाव नर्सिंग स्टेशनच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. मुलांना मी तो फळा दाखवते, दुपारी पाळी बदलताना त्या स्टाफला समोर बोलावते आणि प्रत्येकाकडून पुन्हा नाव, वर्ष, बेड नंबर म्हणवून घेते, या वेळी त्यांच्यासमोर.